सव्वीस दिवसांचा महिना आणि पंधरा दिवसांचा पगार

भारतात असा एक हिशोब आहे ज्यात महिना सव्वीस दिवसांचा असतो, सहा महिने म्हणजे शून्य आणि सहा महिने एक दिवस म्हणजे अख्खं वर्ष असतं. १९९७ साली केलेल्या कामाचे पैसे या हिशोबात २०२५ च्या पगाराने मिळतात. हा हिशोब ग्रॅच्युइटीचा. सरकारी कागदावर ‘उपदान’ लिहिलेलं असलं, तरी कारखान्याच्या गेटवर हा शब्द कुणी वापरत नाही. तिथे विचारतात, “ग्रॅच्युइटी किती बसली?”

सूत्र एका ओळीचं आहे:

शेवटचं मासिक वेतन × १५ ÷ २६ × सेवेची वर्षं

चारच आकडे आहेत, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. मजा त्यातच आहे.

हिशोबासाठी एक काल्पनिक गृहस्थ घेऊ. त्यांना नुसतं ‘काका’ म्हणू. काका पिंपरी-चिंचवडच्या एका खासगी कंपनीत विक्री खात्यात आहेत. १२ जून १९९७ ला रुजू झाले आणि ३१ डिसेंबर २०२५ ला निवृत्त झाले. शेवटच्या महिन्यात त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३१,२०० रुपये होते. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, विक्रीवरचं कमिशन आणि कंपनीने भरलेला पीएफ यांचे मिळून आणखी ४६,८०० रुपये. एकूण ७८,०००. हे आकडे मुद्दाम सोपे भाग जातील असे घेतले आहेत.

२६ कुठून आले?

पंधरा दिवसांचा पगार म्हणजे अर्ध्या महिन्याचा पगार, असं कुणालाही वाटेल. मालकांनाही तसंच वाटत होतं. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्या वर्षी १६ सप्टेंबरला लागू झाला, तेव्हा त्यात ‘दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन’ एवढंच लिहिलं होतं. ज्याला महिन्याचा पगार मिळतो त्याचा एक दिवस कसा मोजायचा, हे सांगितलं नव्हतं.

वाद पेटला जामनगरच्या दिग्विजय वुलन मिल्समध्ये. कामगारांचं म्हणणं होतं की रविवारच्या सुट्ट्या वगळल्या तर महिन्यात आम्ही सव्वीस दिवस राबतो, पगार त्या सव्वीस दिवसांच्या कामाचा आहे, म्हणून एका दिवसाचा पगार काढताना सव्वीसने भागा. गिरणीचं म्हणणं होतं की महिना तो महिना, त्याचा अर्धा द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८० मध्ये न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला आणि सव्वीस दिवसांचा महिना धरण्यात वावगं काही नाही असं म्हटलं. पुढे १९८४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात हीच भूमिका पक्की झाली. १९८७ मध्ये संसदेने कायद्यातच स्पष्टीकरण घालून टाकलं: मासिक वेतनाला सव्वीसने भागा, पंधराने गुणा. वाद मिटला.

म्हणजे कायद्यातले ‘पंधरा दिवस’ हे महिन्याचे ५० टक्के नाहीत, जवळपास ५७.७ टक्के आहेत. काकांच्या ३१,२०० ला सव्वीसने भागलं तर दिवसाचे १,२०० होतात आणि पंधरा दिवसांचे १८,०००. तिसाने भागलं तर पंधरा दिवसांचे १५,६०० च. एका वर्षामागे फरक २,४०० रुपयांचा दिसतो, पण २९ वर्षांत तो ६९,६०० होतो.

आजही लहान कंपन्यांच्या हिशोबात ही चूक सापडते, आणि बहुतेक वेळा ती लबाडी नसते. रजेचे पैसे काढताना बऱ्याच ठिकाणी तिसाने भागण्याचा रिवाज आहे आणि तीच एक्सेलची ओळ खाली ओढली जाते. पकडायची युक्ती सोपी आहे. मिळालेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी भागा आणि मग शेवटच्या वेतनाने भागा. उत्तर ०.५७७ च्या आसपास आलं तर ठीक. नेमकं ०.५ आलं तर समजा, तिसाने घोळ घातला आहे.

१९९७ चं वर्ष, २०२५ चा भाव

ग्रॅच्युइटीची सगळ्यात गोड गोष्ट ही. पीएफमध्ये ज्या वर्षी जेवढा पगार, तेवढीच त्या वर्षाची वर्गणी. ग्रॅच्युइटीत मात्र सगळी वर्षं शेवटच्या पगाराने मोजली जातात. समजा, काका रुजू झाले तेव्हा त्यांचा मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून ३,१२० होता. त्या वेळच्या भावाने त्या पहिल्या वर्षाची ग्रॅच्युइटी १,८०० रुपये झाली असती. पण निवृत्तीच्या दिवशी १९९७ चं ते वर्षही १८,००० लाच मोजलं जातं, २०२४ च्या वर्षाइतकंच.

म्हणून निवृत्तीच्या तोंडावर मिळालेली बढती किंवा युनियनने केलेला वेतन करार दुहेरी फळतो. महिन्याला २,६०० रुपये वाढले तर पगारात २,६०० दिसतात, पण २९ वर्षांच्या ग्रॅच्युइटीत १,५०० गुणिले २९, म्हणजे ४३,५०० ची भर पडते. करार निवृत्तीनंतर सह्या होऊन मागच्या तारखेपासून लागू झाला आणि ती तारीख निवृत्तीच्या आधीची असेल, तर पगाराच्या थकबाकीबरोबर ग्रॅच्युइटीचा फरकही मागायला विसरू नये. थकबाकी मागतात सगळे, पण हा फरक बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

उलटंही घडू शकतं. अपघातात अपंगत्व आलं आणि कंपनीने त्याच माणसाला कमी पगाराच्या हलक्या कामावर ठेवलं तर? शेवटचा पगार धरला तर त्याची आधीची सगळी वर्षं स्वस्तात जातील. कायद्याने हे ओळखून तेवढ्यापुरता नियम मोडला आहे. अपंगत्वापूर्वीची वर्षं जुन्या, मोठ्या पगाराने मोजायची आणि नंतरची नव्या, कमी पगाराने. एकाच माणसाचे दोन ‘शेवटचे पगार’ असण्याचा हा अपवाद.

पगार म्हणजे नक्की काय?

इथे २०२५ च्या नोव्हेंबरात मोठी उलथापालथ झाली.

जुन्या कायद्यात वेतन म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. बोनस, कमिशन, घरभाडे, ओव्हरटाइम, बाकी कुठलाही भत्ता धरायचा नाही. यातून एक चलाख पद्धत रुजली. पगार वाढवायचा, पण भत्त्यांत वाढवायचा. मूळ पगार चिमुकला ठेवायचा. हातात येणारा पैसा तोच, कामगार खूश, आणि मालकाची ग्रॅच्युइटीची जबाबदारी आटोक्यात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९७२ च्या कायद्याची जागा घेतली. सूत्र तेच, पंधरा आणि सव्वीस तेच, पण ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवास भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम, कंपनीचा पीएफ वगैरे वगळायच्या गोष्टींची यादी दिली आणि वर अट घातली: या वगळलेल्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात परत घालायचा. ‘भत्त्यांच्या आड लपायचं असेल तर निम्म्यापर्यंतच लपा’ असा तो निरोप.

काकांचंच बघा. एकूण ७८,०००. निम्मे ३९,०००. वगळलेल्या गोष्टी ४६,८००, म्हणजे निम्म्यापेक्षा ७,८०० जास्त. हे ७,८०० परत वेतनात आले: ३१,२०० अधिक ७,८०० बरोबर ३९,०००. आता सव्वीसने भागा, दिवसाचे १,५००. पंधरा दिवसांचे २२,५००. एकोणतीस वर्षांचे ६,५२,५००. जुन्या व्याख्येने हीच रक्कम ५,२२,००० झाली असती. फरक १,३०,५०० चा आणि त्याचं कारण एवढंच की काका २१ नोव्हेंबरनंतर निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर रुजू झालेला, तेवढाच पगार घेणारा एखादा सहकारी ऑक्टोबरात निवृत्त झाला असेल तर निरोप समारंभातला हार तोच, पण चेक वेगळा.

आणि इथेही शेवटचा पगारच सगळी वर्षं ओढून नेतो. नवी व्याख्या केवळ नोव्हेंबरनंतरच्या महिन्यांना नाही, तर नोव्हेंबरनंतर नोकरी सोडणाऱ्याच्या अख्ख्या सेवेला लागते. त्यामुळेच डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत टीसीएस, इन्फोसिससारख्या मोठ्या आयटी कंपन्यांच्या नफा-तोट्याच्या हिशोबात एकरकमी मोठा खर्च दिसला. गेल्या कैक वर्षांच्या सेवेची जबाबदारी एका दिवसात नव्या भावाने मोजावी लागली होती.

एक मेख मात्र लक्षात ठेवावी. ‘मूळ पगाराची जागा निम्म्या पगाराने घेतली’ असं जे ऐकू येतं ते अर्धवट आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता आधीच निम्म्याहून जास्त असेल तर या अटीमुळे काही बदलत नाही. शिवाय वगळायच्या यादीत ज्याचं नाव नाही असा भत्ता मुळातच वेतनात धरला जाऊ शकतो. ‘स्पेशल अलाउन्स’ या नावाखाली कंपन्या काहीही घालत आल्या आहेत आणि त्या यादीत हे नाव नाही. येत्या काही वर्षांतले मोठे वाद याच ओळीवरून होतील असं मला वाटतं.

सहा महिने आणि एक दिवस

काकांची सेवा २८ वर्षं, सहा महिने आणि वर वीस दिवस. मग २९ वर्षं कशी धरली? नियम असा की पूर्ण वर्षं मोजायची आणि उरलेला तुकडा सहा महिन्यांहून जास्त असेल तर तोही पूर्ण वर्ष धरायचा. सहा महिने किंवा कमी असेल तर सोडून द्यायचा. ‘जास्त’ हा शब्द इथे महत्त्वाचा. काकांनी ११ डिसेंबरला राजीनामा लागू केला असता, तर सेवा नेमकी २८ वर्षं सहा महिने झाली असती आणि त्यांना २८ वर्षांचे पैसे मिळाले असते. १२ डिसेंबरला सोडली असती तर २९ वर्षांचे. एका दिवसाच्या हजेरीचे २२,५०० रुपये! इतकी महाग हजेरी काकांनी उभ्या जन्मात लावली नसेल.

निवृत्तीची तारीख आपल्या हातात नसते, पण राजीनाम्याची असते. नोटीस कालावधी ठरवताना रुजू होण्याची तारीख समोर ठेवून बोटांवर महिने मोजावेत. एचआरने ‘लवकर मोकळं करतो’ म्हटलं तर ते उपकार आहेत की अपकार, हे त्या मोजणीनंतरच कळतं.

पाच वर्षं नेहमी पाच नसतात

काकांना हा प्रश्न नाही, पण त्यांच्या पोरांना आहे. ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी सलग पाच वर्षं सेवा लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहिती आहे ती अशी: मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर थेट कंपनीने घेतलेल्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेत पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षाच्या सेवेवरही त्या प्रमाणात हक्क मिळतो. आणि पत्रकारांना पाचऐवजी तीन वर्षंच पुरतात. या ओळीकडे पत्रकारांचंच कमी लक्ष असतं, असा अनुभव आहे.

पाचव्या वर्षाचंही एक कोडं आहे. वर्षभरात २४० दिवस काम केलं की ते वर्ष ‘सलग सेवा’ म्हणून पूर्ण मानलं जातं. आठवड्यात सहा दिवसांहून कमी काम असणाऱ्या ठिकाणी १९० दिवस पुरतात. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांनाही १९०. यावरून मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाच वर्षं झाली. हा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा नाही, त्यामुळे प्रत्येक कंपनी तो मुकाट्याने मानेल असं नाही. पण हिंजवडीत पाच दिवसांचा आठवडा असलेल्या एखाद्याने चार वर्षं नऊ महिने भरून नोकरी सोडली आणि ‘पाच नाही झाली’ हे उत्तर मिळालं, तर त्याने गप्प बसायचं कारण नाही.

सेवा ‘सलग’ असणं म्हणजे रोज हजर असणंही नाही. आजारपण, रजा, ले-ऑफ, बेकायदा नसलेला संप, अपघात, यांनी साखळी तुटत नाही. न सांगता मारलेल्या दांड्यासुद्धा, जोवर कंपनीने नियमानुसार ‘सेवा खंडित’ असा आदेश काढलेला नाही, तोवर सेवेतच मोजल्या जातात. नुसतं हजेरीपत्रकावर लाल शाईने लिहून भागत नाही.

४.८१ टक्क्यांचं गूढ

नव्या नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये सीटीसीच्या तक्त्यात तळाशी ‘ग्रॅच्युइटी: मूळ पगाराच्या ४.८१ टक्के’ अशी ओळ असते. हा विचित्र आकडा आला कुठून? पंधराला सव्वीसने भागा, मग बाराने. ०.०४८०७. बस. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार म्हणजे वर्षाच्या पगाराचे ४.८१ टक्के.

पण या ओळीत थोडी गंमत आहे. ग्रॅच्युइटी मालकाने द्यायची, कर्मचाऱ्याच्या पगारातून कापायची नाही. सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा खर्च, म्हणून ती तिथे लिहिली जाते. दर महिन्याला ती तुमच्या हाती येत नाही आणि तीन वर्षांत कायमची नोकरी सोडलीत तर कधीच येत नाही. बारा लाखांच्या पॅकेजची घासाघीस करताना ही ओळ मनातल्या मनात वजा करून बोलावं.

बॉयलर विझला की वर्ष संपतं

महाराष्ट्रात हंगामी कामगारांचा नियम हजारो घरांना लागतो. साखर कारखान्याचा हंगामी कामगार वर्षभर कामावर नसतो. गाळप सुरू झालं की येतो, संपलं की घरी जातो. त्याला वर्षामागे पंधरा दिवस नाहीत, हंगामामागे सात दिवसांचं वेतन मिळतं. दिवसाला ७०० रुपये असतील तर हंगामाचे ४,९०० आणि वीस हंगामांचे ९८,०००. त्याची सेवा २४० दिवसांनी मोजत नाहीत. कारखाना जितके दिवस चालला त्यातले निदान पंचाहत्तर टक्के दिवस त्याने काम केलं पाहिजे. म्हणजे ऊस कमी पडून हंगाम लवकर आटोपला तरी त्याचा हंगाम बुडत नाही, हा शहाणपणा कायद्यात आहे.

हंगाम नसताना कायम हंगामी कामगारांना जो ‘रिटेन्शन’ मिळतो, त्याचा उल्लेख नव्या संहितेत वेतनात समाविष्ट म्हणून थेट आला आहे. कुठल्याही कारखान्याच्या टाइम ऑफिसबाहेर या विषयावर चहाचे बरेच कप रिकामे होणार.

इचलकरंजीच्या मागावर मीटरने मजुरी घेणाऱ्याला ‘शेवटचा पगार’ असा नसतोच. त्याच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी धरतात, ओव्हरटाइम वगळून. शेवटच्या तिमाहीत मंदी आली तर आयुष्यभराची ग्रॅच्युइटी पडते. हे मला कायद्यातलं उणं वाटतं.

वीस लाखांचं कुंपण

सुरुवातीला कमाल मर्यादा रुपयांत नव्हती, वीस महिन्यांच्या पगाराइतकी होती. १९८७ मध्ये ती पन्नास हजार रुपये झाली, १९९४ मध्ये एक लाख, १९९७ मध्ये अखेर साडेतीन लाख. मग तेरा वर्षं हलली नाही. २०१० मध्ये दहा लाख, २९ मार्च २०१८ पासून वीस लाख. तीस वर्षं सेवा असेल तर साधारण १,१५,५५६ रुपयांच्या वेतनाला माणूस या कुंपणाला टेकतो. त्याच्या वर कितीही पगार असो, कायद्याने द्यायची रक्कम वीस लाखच.

कंपनीला याहून जास्त द्यायची मुभा आहे आणि काही जुन्या कंपन्या करारानुसार देतात. प्राप्तिकर मात्र या वरच्या रकमेवर लागतो. ही करमाफी आयुष्यभराची मिळून वीस लाख आहे, दर नोकरीमागे नाही. पहिल्या कंपनीतून आठ लाख करमुक्त घेतले असतील तर दुसरीकडे बाराच उरतात. सरकारी कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त असते. त्यांचा हिशोबही वेगळ्या नियमांचा: दर सहामाहीमागे पगाराचा चौथा हिस्सा, कमाल साडेसोळा पगार. तिथे सव्वीसचा संबंध नाही, म्हणून सरकारी मेहुण्याचं सूत्र खासगी भाऊजींनी लावू नये.

चोरी केली, तरी सगळं जातंच असं नाही

नोकरीवरून काढलं म्हणजे ग्रॅच्युइटी गेली, हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. कंपनीचं नुकसान केलं असेल तर त्या नुकसानाइतकीच रक्कम कापता येते. दंगामस्ती किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी बडतर्फ केलं असेल तर पूर्ण किंवा काही भाग जप्त करता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यासाठी फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेलीच हवी असं नाही, खात्याच्या चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं तरी चालेल. त्याच निकालात महाराष्ट्राच्या एसटीतल्या वाहकांची प्रकरणं होती, तिकिटाचे पैसे खिशात घातल्याची. एसटीने सगळी ग्रॅच्युइटी जप्त केली होती. न्यायालयाने ही जप्ती २५ टक्क्यांवर आणली. बाकी ७५ टक्के त्यांच्या सेवेची कमाई म्हणून द्यायला लावली.

उशीर झाला तर

नोकरी संपल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर व्याज लागतं. जुन्या कायद्याखाली जाहीर झालेला दर साधं व्याज दहा टक्के असा होता. काकांच्या ६,५२,५०० वर त्या दराने वर्षाला ६५,२५० होतात, महिन्याला सुमारे ५,४३७. कंपनीने हिशोबाचा कागद दिलाच नाही तर काकांनी स्वतः अर्ज करावा. त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेवटच्या महिन्याच्या पगारपत्रकाची प्रत आणि आपण काढलेली रक्कम लिहावी. ‘फुल अँड फायनल’च्या पत्रावर सही मागितली आणि आकडा पटत नसेल तर ‘ग्रॅच्युइटीच्या रकमेबाबत हरकत राखून’ एवढं सहीशेजारी लिहायला हरकत नाही.

कंपनी उत्तर देत नसेल तर कायद्याने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तिथे पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: नेमणूकपत्र आहे का? ते नसेल तर पीएफच्या पासबुकात पहिली वर्गणी कधी जमा झाली, हे दाखवून रुजू झाल्याचा महिना बऱ्यापैकी सिद्ध करता येतो.